रेंज फुल्ल, तरी नेट चालत नाही: राउटरच्या वाढवलेल्या पॉवरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, चोपडा, अमळनेर या पट्ट्यात घरोघरी आणि मळ्यात नेट जोडायचं काम करतो, त्यामुळे हे प्रश्न फोनवर आणि वॉट्सॲपवर सारखे येतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. विषय एकच आहे, राउटरची ट्रान्समिट पॉवर गरजेपेक्षा जास्त ठेवली की मोबाईलला राउटर ऐकू येतो पण राउटरला मोबाईल ऐकू येत नाही.

"टावर ते फुल्ल शे भो, मंग नेट का बरं चालस नही?"

हा प्रश्न मला जवळपास याच शब्दांत येतो, म्हणून तसाच ठेवला. फोनवर ज्या रेघा दिसतात ना, त्या फक्त एवढंच सांगतात की राउटरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोचतोय. फोनचा आवाज राउटरपर्यंत किती पोचतोय हे त्या रेघांत कुठंच दिसत नाही. आणि वायफाय दोन्हीकडून बोलल्याशिवाय चालत नाही. तुम्ही नुसता व्हिडिओ बघत असाल तरी फोनला डेटाच्या प्रत्येक पाकिटाची पोच राउटरला परत द्यावी लागते, ती पोच नाही मिळाली की राउटर तेच पाकीट परत पाठवतो, परत नाही मिळाली की परत, आणि शेवटी सोडून देतो.

ग्रामपंचायतीचा भोंगा शिवारात लांबपर्यंत ऐकू येतो, पण शिवारातून तुम्ही कितीही ओरडून उत्तर दिलं तरी ते ग्रामपंचायतीत पोचत नाही. भोंग्याचा आवाज अजून वाढवला म्हणून तुमचा आवाज वाढत नाही, बस एवढंच इथं होतंय.

अजून एक बारीक गोष्ट. या रेघा फोन बहुतेक करून राउटरच्या बीकनवरून मोजतो. बीकन म्हणजे राउटर सेकंदाला साधारण 10 वेळा "मी इथं आहे" असं सांगणारं छोटं पाकीट सोडतो ते. ते सगळ्यात हळू स्पीडला जातं म्हणून सगळ्यात लांब पोचतं. म्हणजे रेघा आधीच जरा आशावादी असतात, वरून पॉवर वाढवली की त्या अजूनच फसव्या होतात.

फोन पण तेवढ्याच जोरात का बोलत नाही?

कारण तो बॅटरीवर चालतो आणि आपल्या कानाला लागून असतो. शरीराजवळच्या रेडिओवर मर्यादा असते, आपल्या देशात 2012 पासून 1 ग्रॅम पेशींवर सरासरी 1.6 वॅट प्रति किलो अशी आहे, त्यात बसवायला आणि बॅटरी वाचवायला फोनचं वायफाय हळू आवाजातच बोलतं. मोबाईल साधारण 12 ते 18 डीबीएमच्या आसपास बोलतो असं धरून चाला, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. लॅपटॉप थोडा जास्त. राउटर मात्र भिंतीतल्या प्लगवर असतो, त्याला 23, 27, काही काहींना 30 डीबीएमपर्यंत पण ढकलता येतं.

डीबीएम म्हणजे रेडिओची पॉवर मोजायचं माप, आणि दोन डीबीएममधला फरक डेसिबलमध्ये सांगतात. हा हिशोब ज्यांना माहीत नाही त्यांनी दोनच गोष्टी लक्षात ठेवा. 3 वाढले की पॉवर दुप्पट, 10 वाढले की दहापट. 20 डीबीएम म्हणजे 100 मिलीवॅट, 30 म्हणजे 1 वॅट. त्यामुळे 15 वरचा फोन आणि 27 वरचा राउटर यांच्यात जवळजवळ सोळापट फरक पडतो.

रस्त्यात भिंती आहेत, त्या राउटरकडून येताना कमी आणि फोनकडून जाताना जास्त अडवतात का?

नाही. हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. भिंत, पत्रा, झाड, अंतर, अँटेना, हे सगळं दोन्ही दिशेला सारखंच वागतं. येताना 100 डेसिबलचं नुकसान होत असेल तर जाताना पण तेवढंच होणार. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या हातभर जाड मातीच्या भिंती सिग्नल खूप खातात हे खरं, पण त्या दोन्ही बाजूचा सारखा खातात. दोन बाजूत मोठा फरक पाडणारी गोष्ट म्हणजे कोण किती जोरात बोलतंय, आणि राउटरवर तेवढीच आपण वाढवून ठेवलेली असते.

दुसरी छोटी गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याच्या आजूबाजूला गोंगाट किती आहे. राउटर बाजारपेठेतल्या घरात असेल, आजूबाजूला वीस जणांचे राउटर असतील, तर त्याच्या कानाशी गोंगाट जास्त. फोन मात्र मागं शेताकडं शांततेत. मग फोनला राउटर छान ऐकू येतो आणि राउटरला फोन अजूनच कमी.

एखादं खरं उदाहरण द्या, आकड्यांसकट.

चोपडा तालुक्यातलं एक घर घ्या. पुढं ओसरी, मग दोन खोल्या, मागं अंगण आणि अंगणापलीकडं पत्र्याचा गोठा. राउटर पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर, पॉवर 27 वर. घरच्या मुलाची तक्रार अशी की गोठ्यात रेंज दिसते, युट्यूब कधीमधी चालतं, पण वॉट्सॲपवर फोटो जात नाही, घड्याळाचं चिन्ह फिरत राहतं, आणि व्हिडिओ कॉलवर समोरचा दिसतो पण समोरच्याला याचा आवाज तुटत तुटत जातो.

गोठ्यात फोनवर राउटरचा सिग्नल वाचला, उणे 74 डीबीएम. उणे आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा सिग्नल जोरात. म्हणजे कामचलाऊ, दोन-तीन रेघा. आता राउटर 27 ने बोलतोय आणि फोनला उणे 74 पोचतंय, म्हणजे रस्त्यात 101 डेसिबल गेले. फोन 15 ने बोलतोय, त्यातून तेच 101 वजा करा, राउटरला फोन उणे 86 वर ऐकू येणार. राउटरमध्ये बघितलं तर तेवढाच आकडा होता. त्या राउटरच्या कानाशी गोंगाट होता उणे 90. म्हणजे फोनचा आवाज गोंगाटाच्या वर फक्त 4 डेसिबल. वायफायच्या सगळ्यात हळू आधुनिक स्पीडला सुद्धा साधारण 5 तरी लागतात. त्यामुळे फोन हातात सरळ धरला तर कसंतरी चालायचं, खिशात टाकला किंवा अंगाची आड आली की गेलं.

मग पॉवर 27 वरून 18 वर आणली. गोठ्यात फोनवर रेंज उणे 83 वर आली, एकच रेघ उरली. आणि राउटरला फोन किती ऐकू आला? तेच, उणे 86. एक डेसिबलचा पण फरक नाही. म्हणजे जी 9 डेसिबल पॉवर काढून घेतली ती फोनच्या बाजूने बोलायला कधीच कामाला येत नव्हती, तिच्यानं फक्त रेघा फुगत होत्या.

गोठ्याचा खरा इलाज वेगळा होता, घरापासून गोठ्यापर्यंत पाइपातून लॅनची केबल नेली (100 मीटरच्या आत असली की साधी कॅट 6 चालते) आणि गोठ्यात दुसरा छोटा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वायफाय देणारा डबा, 17 डीबीएमवर लावला. तिथं फोनला उणे 55 यायला लागलं, ॲक्सेस पॉइंटला फोन उणे 57. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. फोटो लगेच जायला लागले.

मग पॉवर कमी केल्यानं फायदा काय झाला? फोनचा आवाज तर वाढला नाही.

बरोबर विचारलंत, आणि इथं बरेच जण चुकीचं सांगतात. पॉवर कमी केली म्हणून राउटरचे कान तीक्ष्ण होत नाहीत. फायदा दुसरीकडून होतो.

पहिला, फोनला खरं दिसतं. रेंज खरोखर संपली तिथं रेघा पण संपतात, मग फोन स्वतःच मोबाईल डेटावर किंवा दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवर जातो. पॉवर फुगवलेली असली की फोन त्या लांबच्या राउटरला चिकटून बसतो. आयफोनचं तर जाहीरच आहे, सध्याच्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल उणे 70 च्या खाली गेला की मगच तो दुसरा शोधायला लागतो. तुमचा पुढचा राउटर अख्ख्या घरात उणे 65 दाखवत असेल तर तुम्ही गोठ्यात नवा ॲक्सेस पॉइंट लावा नाहीतर मागच्या खोलीत लावा, फोन तिकडं वळणारच नाही. लोक म्हणतात दुसरा राउटर घेऊन पैसे वाया गेले, पैसे वाया गेले नाहीत, पहिल्याची पॉवर उतरवायची राहिली.

दुसरा फायदा, वेळ वाचतो. लांबच्या फोनची पोच न मिळाल्यानं राउटर तेच तेच परत पाठवत बसतो आणि तेवढा वेळ घरातल्या बाकीच्यांना हवा मोकळी मिळत नाही. वायफायमध्ये एका चॅनलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. म्हणून एक जण गोठ्यात अर्धवट जोडलेला असला की ओसरीतल्या लॅपटॉपचं पण नेट अडखळतं, आणि बिचारा लॅपटॉपवाला कंपनीला शिव्या देतो.

100 टक्क्यावर ठेवायला काय जातं, जवळच्यांना तरी स्पीड जास्त मिळेल ना?

जवळच्यांना बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. राउटरची चिप पूर्ण पॉवर हळू स्पीडलाच देऊ शकते. वेगवान स्पीडला सिग्नल फार स्वच्छ लागतो आणि पॉवर ताणली की सिग्नल फाटतो, म्हणून चांगली चिप वेगवान स्पीडला पॉवर स्वतःच उतरवते. म्हणजे तुम्ही 27 लावलं तरी त्याच खोलीतल्या फोनला फास्ट डेटा त्यापेक्षा कमी पॉवरवरच मिळत असतो, 27 मिळतात ते बीकनला आणि हळू पाकिटांना. त्यातून राउटर टेबलावरच असेल आणि फोन शेजारीच, तर फोनच्या कानाला एवढा आवाज नको पण असतो.

आणि गल्लीचा विचार करा हो. तुमचा राउटर चार घरं पलीकडं ऐकू जातो म्हणजे त्या चार घरांतले राउटर तुम्ही बोलताना गप्प बसतात. ते पण मग पॉवर वाढवतात. सगळ्यांनी वाढवली की सगळ्यांच्या राउटरच्या कानाशी गोंगाट वाढतो आणि सगळ्यांचेच फोन ऐकू येईनासे होतात. भुसावळ, जळगावात जिथं भिंतीला भिंत लागून घरं आहेत तिथं हे रोज बघतो.

हाच प्रॉब्लेम आहे की लाईनच खराब आहे, हे कसं ओळखायचं?

इंटरनेट बाजूला ठेवा आणि फक्त राउटरशी बोलून बघा. जिथं त्रास होतो तिथं लॅपटॉप नेऊन किंवा फोनवर पिंगचं ॲप टाकून राउटरलाच पिंग मारा, पत्ता बहुतेक 192.168.1.1 किंवा 192.168.0.1 असतो.

```
ping 192.168.1.1
```

राउटरच्या शेजारी उभं राहून उत्तरं 2 ते 10 मिलीसेकंदात येतात आणि लांब गेल्यावर रेंज चांगली दिसत असताना सुद्धा काही उत्तरं येतच नाहीत किंवा मधेच 500, 800 मिलीसेकंद दाखवतात, तर त्रास हवेतच आहे, फायबरमध्ये नाही. शेजारी उभं राहून पण तसंच होत असेल तर चॅनलची गर्दी नाहीतर राउटरच बघा.

दुसरी खूण स्पीड टेस्टची. त्याच जागी डाऊनलोड 20-25 एमबीपीएस आणि अपलोड अर्धा पण नाही, आणि राउटरजवळ दोन्ही सारखे, तर समजायचं की फोनचा आवाज पोचत नाहीये. डाऊनलोड बरं दिसतं कारण त्यात फोनला फक्त छोट्या पोचा द्यायच्या असतात, त्या कमी स्पीडला जातात, कमी स्पीडचं पाकीट कमजोर सिग्नलवर पण ऐकू येतं. फोटो पाठवायचा म्हटलं की फोनला मोठी मोठी पाकिटं बोलावी लागतात, तिथं दम संपतो.

आणि सगळ्यात पक्की परीक्षा, जी कुणी करत नाही. फोन त्याच जागी ठेवा, अपलोड मोजा. राउटरची पॉवर 6 डेसिबलनं उतरवा. परत मोजा. अपलोड होतं तेवढंच राहिलं तर ते 6 डेसिबल अपलोडच्या काही कामाचे नव्हते. डाऊनलोड पण तेवढंच राहिलं तर ते खाली आणून तसंच ठेवा. डाऊनलोड बरंच पडलं तर थोडं वर घ्या, म्हणजे तेवढी पॉवर खरोखर वापरात होती.

राउटरला माझा फोन किती ऐकू येतो ते बघायचं कुठं?

ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकलेला राउटर असेल तर जोडलेल्या डिव्हाइसच्या यादीत प्रत्येक फोनपुढं सिग्नल दिसतो, तो राउटरच्या कानानं मोजलेला असतो. कमांडनं बघायचं असेल तर आधी `iw dev` मारून इंटरफेसचं नाव बघा, कुठं `wlan0` असतं, नव्यात `phy0-ap0` असतं.

```
iw dev wlan0 station dump
iw dev wlan0 survey dump
```

पहिल्यात `signal:` पुढं जे येतं ते म्हणजे राउटरला ऐकू आलेला फोन. `rx bitrate` म्हणजे फोन राउटरकडं कुठल्या स्पीडला बोलतोय, `tx bitrate` म्हणजे राउटर फोनकडं. फोनवरून अपलोड चालू असताना सुद्धा राउटर फोनकडं मोठ्या स्पीडला आणि फोन राउटरकडं 6 किंवा 1 वर लोंबकळतोय असं दिसलं की रोग सापडला. `tx retries` आणि `tx failed` भराभर वाढताना दिसले तर पोचा येत नाहीयेत. दुसऱ्या कमांडमध्ये चालू चॅनलचा `noise` मिळतो.

आता फोनवरचा आकडा आणि राउटरमधला आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक 5-6 पर्यंत असला तर चिंता नको, राउटरला दोन-तीन अँटेना असतात, त्याचे कान फोनपेक्षा थोडे बरे असतात, तेवढा फरक तो भरून काढतो. फरक 10 च्या वर गेला आणि राउटरमधला आकडा उणे 80 च्या पलीकडं असला तर तुमचं घर याच यादीत.

एक सूचना, `signal` पुढं कंसात दोन आकडे येतात, प्रत्येक अँटेनाचा वेगळा. ते दोन-चारनं वेगळे असणं चालतं. पण एक उणे 60 आणि दुसरा उणे 85 असं दूरच्या नाही तर जवळच्या फोनला पण दिसलं तर एका अँटेनाची जोडणी सुटलेली असते, तो वेगळा बिघाड आहे, पॉवरशी त्याचं काही नाही.

पासवर्ड बरोबर टाकतो तरी चुकीचा सांगतं. हे पण त्यामुळेच?

असू शकतं. पासवर्ड तपासताना राउटर आणि फोन यांच्यात चार पाकिटांची देवाणघेवाण होते. पहिलं राउटरकडून येतं, ते फोनला छान ऐकू येतं. दुसरं फोनकडून जायचं असतं, ते पोचलं नाही की वेळ संपते आणि बरेच फोन त्याला "पासवर्ड चुकला" असं म्हणून मोकळे होतात. राउटरच्या जवळ नेऊन तोच पासवर्ड चालला तर पासवर्डचा दोष नाही.

"आयपी ॲड्रेस मिळवत आहे" वर अडकणं हा त्याचाच भाऊ. तिथं पण आधी फोनलाच विचारावं लागतं, राउटरला ते ऐकू आलं तरच तो पत्ता देणार.

ओपनडब्ल्यूआरटीच्या लॉगमध्ये अशी ओळ दिसली तर शंकाच नको, राउटर स्वतः सांगतोय की पोचा फारच चुकतायत म्हणून याला काढलं.

```
disconnected due to excessive missing ACKs
```

काही जण `disassoc_low_ack` बंद करायला सांगतात. त्यानं फोन बाहेर काढला जात नाही एवढंच, पण पोचा तरीही येत नाहीत, फोन जोडलेला दिसतो आणि नेट बंद. मला तर ते जास्त वाईट वाटतं, कारण त्यामुळे फोन मोबाईल डेटावर पण जात नाही.

गोठ्यातला, खळ्यातला वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाईन का जातो? तिथं मोबाईलला तर रेंज असते.

कॅमेऱ्याचं काम उलटं आहे. फोन जास्त ऐकतो आणि कमी बोलतो, कॅमेरा सतत बोलतच असतो, व्हिडिओ म्हणजे नुसता अपलोड. त्यामुळे या फरकाचा सगळ्यात जास्त मार कॅमेऱ्याला बसतो. वरून स्वस्त कॅमेऱ्यात अँटेना इवलासा असतो आणि लोक तो पत्र्याला चिटकवून किंवा लोखंडी अँगलच्या आड लावतात.

कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये सिग्नल 70-80 टक्के दाखवतो, तो पण कॅमेऱ्याच्या कानानं मोजलेला, त्याच्यावर विसंबू नका. राउटरमध्ये जाऊन कॅमेरा किती ऐकू येतो ते बघा. तो आकडा उणे 75 पेक्षा बरा असेल तर लाईव्ह व्यू सहसा अडखळत नाही, उणे 80 च्या पलीकडं गेला की रात्री अडखळायला लागतो, कारण रात्री इन्फ्रारेडमध्ये चित्रात दाणे जास्त येतात आणि त्यामुळे बऱ्याच कॅमेऱ्यांचा डेटा वाढतो, आणि संध्याकाळी गल्लीतली गर्दी पण वाढलेली असते. राउटरची पॉवर वाढवून यातलं काहीही सुधारत नाही. कॅमेरा पत्र्यापासून वीतभर बाहेर काढा, शक्य असेल तर केबलवर घ्या, नाहीतर ॲक्सेस पॉइंट जवळ आणा.

केळीच्या बागेत पावसाळ्यानंतर रेंज कमी होते, कटाई झाली की परत येते, मग पॉवर वाढवू का?

केळीचं पान आणि खोड पाण्यानं भरलेलं असतं आणि पाणी वायफायचा सिग्नल शोषून घेतं, 5 गीगाहर्ट्झचा जास्त, 2.4 चा त्यापेक्षा कमी. लागवड डोक्याच्या वर गेली की मळ्यातल्या घरापासून पंपापर्यंतचा सिग्नल पडणारच. पण बाग पण दोन्ही बाजूंना सारखंच शोषते. पॉवर वाढवून राउटरचा आवाज बागेपलीकडं जाईल, पंपाजवळचा फोन परत बोलू शकणार नाही. इथं राउटर किंवा अँटेना पानांच्या वर उंचावर घेणं हाच उपाय, कारण उंचीचा फायदा दोन्ही दिशांना मिळतो.

मोठा अँटेना लावला तर चालेल का मग?

चालेल, आणि पॉवर वाढवण्यापेक्षा तोच बरा. अँटेना म्हणजे तोंड पण आहे आणि कान पण. 5 डीबीआयच्या जागी 8 डीबीआयचा लावला तर राउटर 3 डेसिबल जोरात बोलतो आणि 3 डेसिबल चांगलं ऐकतो पण. फक्त एक बघा, चारी बाजूंना जाणारा लांब काडीसारखा अँटेना जास्त डीबीआयचा असला की सिग्नल आडवा चपटा होतो, मग त्याच मजल्यावर लांब जातो पण वरच्या माळ्यावर कमी पडतो. एकमजली लांबलचक घराला तो चांगला, दोन मजली घराला साधाच ठेवा. एका दिशेच्या शेताकडं पाठवायचं असेल तर एका दिशेचा पॅनेल अँटेना घ्या.

ठीक आहे, किती ठेवू आणि कसं ठेवू?

घरात एकच राउटर असेल तर 2.4 ला 17 ते 20 डीबीएमच्या मधे ठेवून सुरुवात करा. दोन किंवा जास्त ॲक्सेस पॉइंट असतील तर 2.4 ला 12 ते 15 आणि 5 ला त्यापेक्षा 3-6 जास्त, म्हणजे फोन आपोआप 5 कडं ओढले जातात. 5 ला जास्त द्यायला हरकत नाही कारण तो तसाही भिंतीत जास्त मरतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत, वर सांगितलेली 6 डेसिबलची परीक्षा करून आपल्या घराला बसवा.

ओपनडब्ल्यूआरटीवर 17 ठेवायचं असेल तर असं, `radio0` कुठला बँड आहे ते आधी बघून घ्या:

```
uci set wireless.radio0.txpower='17'
uci commit wireless
wifi reload
```

कंपनीच्या साध्या राउटरमध्ये वायरलेसच्या ॲडव्हान्स सेटिंगमध्ये `Transmit Power` असतं, कुठं High, Middle, Low, कुठं टक्के. टक्क्यांना घाबरू नका, 50 टक्के म्हणजे निम्मी पॉवर म्हणजे फक्त 3 डेसिबल कमी, रेघांवर फरक जेमतेम दिसतो. 25 टक्के केलं तर 6 डेसिबल. लोक 100 चं 75 करून म्हणतात काही फरकच पडला नाही, पडणारच नाही, ते सव्वा डेसिबल आहे. काही बॉक्समधले टक्के या हिशोबाला धरून नसतात, म्हणून फोनवर आकडा वाचून खात्री करा.

आमच्या बॉक्समध्ये पॉवरचं सेटिंगच दिसत नाही.

फायबरवाल्यांच्या बऱ्याच बॉक्समध्ये ग्राहकाच्या लॉगिनला ते दाखवत नाहीत. लाईनमनला सांगा, त्याच्या लॉगिनला बहुतेक दिसतं. नसेलच तर त्या बॉक्सचं वायफाय बंद करून आपला ॲक्सेस पॉइंट लॅनवर लावा. बॉक्स तसाही बहुतेक घरात दाराजवळ किंवा टीव्हीमागं कोपऱ्यात ठोकलेला असतो, वायफाय घराच्या मधोमध आलेलं दोन्ही बाजूंना बरं.

त्याच जागी लॅपटॉप चालतो, माझा मोबाईल चालत नाही. मोबाईल खराब आहे का?

बहुतेक नाही. बऱ्याच लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला मोकळे असतात आणि तो फोनपेक्षा काही डेसिबल जोरात बोलतो. काठावरच्या जागी 4-5 डेसिबल म्हणजेच चालणं आणि न चालणं. राउटर कुणासाठी बसवायचा हे ठरवताना घरातला सगळ्यात कमजोर फोन हातात घेऊन फिरा, त्याच्यावर चाललं तर सगळ्यांवर चालेल.

रिपीटर लावला तर?

रिपीटर फोनच्या जवळ आला म्हणून फोनचं त्याला ऐकू जातं, एवढा फायदा नक्की. पण तो रिपीटर स्वतः राउटरशी बोलताना याच फंदात पडू शकतो. राउटर 27 वर असला की रिपीटर लांब गोठ्यात लावला तरी हिरवा दिवा दाखवतो, आणि मग त्याचंच बोलणं राउटरला पोचत नाही. म्हणून आधी राउटर खाली आणा, मग दिवा जिथं खरोखर हिरवा राहतो तिथं, म्हणजे साधारण मधल्या अंतरावर, रिपीटर लावा.

देश बदलून पॉवर वाढवता येते असं ऐकलं, करू का?

नका करू. भारतात 2.4 गीगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, ट्रान्समीटरची जास्तीत जास्त पॉवर 1 वॅट आणि अँटेना धरून 4 वॅट अशी मर्यादा आहे. ती घरासाठी आधीच फार मोठी आहे. देश दुसरा टाकला की आपल्याकडं चालणारे चॅनल जाऊ शकतात, नको ते चालू होऊ शकतात, आणि मिळालेली पॉवर परत एका बाजूचीच.

एकदा नीट केलं होतं, काही महिन्यांनी परत तसंच व्हायला लागलं.

राउटरचं सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा लाईनमननं रीसेट मारला की पॉवर परत High किंवा 100 वर जाते, बहुतेक वेळा हेच कारण निघतं. सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि राउटरच्या मागं पॉवर आणि चॅनलचे आकडे लिहून चिकटवा, म्हणजे जो कुणी पुढं येईल त्याला काय होतं ते कळेल. आकडा तोच असेल आणि तरी बिघडलं असेल तर `survey dump` मधला `noise` परत बघा, शेजारी नवा राउटर आला असेल तर चॅनल बदलून 1, 6 किंवा 11 पैकी जो मोकळा आहे त्यावर जा.